आपला राजीनामा स्वीकारण्यात येत आहे

(रंगमंचावर टेबल, खुर्ची, उघडा लॅपटॉप, गार झालेला चहा. पंचेचाळिशीचा मॅनेजर. गळ्यात ओळखपत्र, हा झोपतानाही ते काढत नसावा.)

मी हिंजवडीतल्या एका कंपनीत मॅनेजर आहे. म्हणजे नेमकं काय करतो, ते माझ्या आईला अजून कळलेलं नाही. ती शेजारी सांगते, "कॉम्प्युटरवाल्या मुलांवर लक्ष ठेवतो." मुलांचं मत वेगळं आहे.

सोमवारी, २ मार्चला, प्रसादची मेल आली. विषय : 'एक छोटीशी गोष्ट'. इंजिनियर जेव्हा 'मोठा लोचा झालाय' म्हणतो, तेव्हा बहुतेक त्याचा माउस बंद पडलेला असतो. पण तो 'छोटीशी गोष्ट' म्हणाला, की एक तर सर्व्हर गेला, नाहीतर माणूस चालला. सर्व्हर चालू होता. मी उठून बघून आलो.

मग एचआरच्या मॅडमनी पत्राचा साचा पाठवला. "सर, फक्त रिकाम्या जागा भरा." आमच्याकडे माणूस गेला की रिकामी जागा भरायला सहा महिने लागतात. पत्रातल्या मात्र आजच्या आज भरायच्या!

(लॅपटॉपकडे बघून वाचतो.) 'आपला राजीनामा स्वीकारण्यात येत आहे. आपला कामाचा शेवटचा दिवस...' टिंब टिंब.

नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा. मी लिहिलं, 'तीन महिन्यांनी'. मॅडम म्हणाल्या, "सर, तारीख लिहा. तीन महिने म्हणजे १ जून, नव्वद दिवस म्हणजे ३० मे. त्याचा पगार, त्याचं रिलीव्हिंग लेटर, नव्या कंपनीत हजर व्हायचा दिवस, सगळं त्या एका तारखेला टांगलेलं असतं." बरं, ३० मे. तर तो निघाला शनिवार! शनिवारी लॅपटॉप जमा करून घ्यायला कोण येणार? मग दोघांच्या संमतीनं शुक्रवार, २९ मे. एक रिकामी जागा भरली.

पुढचं वाक्य. 'आपल्या अमूल्य योगदानाबद्दल कंपनी आपली ऋणी आहे.'

हे वाक्य सगळ्यांना जातं. दोन महिन्यांत गेलेल्या एका मुलालाही हेच गेलं होतं. त्याचं योगदान म्हणजे कॅन्टीनचा मेन्यू व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणं. तसा मला उपयोगी होता, पण अमूल्य? प्रसादला हे पाठवायला हात धजेना. म्हटलं, आधी हँडओव्हरचा परिच्छेद लिहू. हा करतो काय ते कळेल, मग आभार मानू.

(खुर्ची पुढे ओढतो.)

"प्रसाद, तुझ्याकडे काय काय आहे?"
"विशेष काही नाही सर."

मंडळी, जो पाच मिनिटं सांगत बसतो त्याच्याकडे काही नसतं. ज्याच्याकडे 'विशेष काही नाही', त्याच्यावर कंपनी उभी असते. मी म्हटलं, मशीन उघड. त्यानं टाइप केलं :

```
crontab -l
0 2 * * * /home/prasad/bin/hishob.sh
```

क्रॉन म्हणजे सर्व्हरचा गजर. ठरलेल्या वेळी ठरलेलं काम करतो. ही ओळ सांगते, रोज दोन वाजता हिशोब चालव. दोन म्हणजे ग्रीनिचच्या घड्याळाचे दोन. आपल्याकडे सकाळचे साडेसात. रोज साडेसातला आमच्या क्लायंटला कालचे कुठल्या दुकानदाराला किती पैसे द्यायचे, त्याचा तक्ता जातो. मला वाटायचं, त्यासाठी एखादा विभाग असेल. विभाग नव्हता. प्रसादच्या खात्यात, प्रसादच्या फोल्डरमध्ये, प्रसादच्या नावानं पडलेली एक फाईल होती.

आता २९ मेला संध्याकाळी सहा वाजता आयटीवाले काय करणार? प्रसादचं खातं बंद. नुसता पासवर्ड बदलला तर क्रॉन बिचारं चालत राहतं. पण खातंच मुदतबाह्य केलं की त्याचा गजर वाजत नाही. आणि यातली खरी गंमत अशी, की तो वाजला नाही हे कुणी सांगत नाही! लाल दिवा नाही, भोंगा नाही. फक्त एक मेल येत नाही. न आलेली मेल कोण मोजतो? मला तर आलेल्याही मोजवत नाहीत.

"मग हे सायलीच्या खात्यात टाकू," मी म्हटलं. सायली प्रसादची जागा घेणार. ती शांतपणे म्हणाली, "सर, म्हणजे मी गेले की परत हेच?"

"तू कुठे चाललीस?"
"मी कुठे नाही सर. जनरल बोलतेय."

(प्रेक्षकांकडे.) जनरल! माझा रक्तदाब जनरल नाही.

पण बरोबर होतं तिचं. काम माणसाच्या नावावर ठेवायचं नाही, टीमच्या सामाईक खात्यावर ठेवायचं. मंगळवारी तिनंच ते हलवलं. प्रसाद शेजारी बसला, हात मांडीवर. अट एकच : कीबोर्डला शिवायचं नाही. तो एवढा कासावीस झाला की मला वाटलं, याला पाणी द्यावं. पण तिथंच खरी माहिती बाहेर आली. महिन्याच्या १ तारखेला फाईल उशिरा येते, तेव्हा तासभर थांबून पुन्हा चालवायचं असतं. हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. शिकवताना त्याला आठवलंही नव्हतं. ती अडकली तेव्हा आठवलं.

मग सायली म्हणाली, "सर, एका रात्रीपुरतं प्रसादचं खातं सगळ्या मशीन्सवर बंद करू या. तो इथे आहे तोवरच. काय काय मरतं ते बघू."

बुधवारी रात्री बंद केलं. गुरुवारी सकाळी साडेसातला तक्ता गेला, नव्या खात्यावरून, व्यवस्थित. मी खूश. अकरा वाजता टेस्टिंगच्या कुलकर्णीबाई तोंड फुगवून समोर. "सर, दरवर्षी आठवणीनं शुभेच्छा देता. यंदाच विसरलात."

मी? शुभेच्छा?

(सावकाश.) `crontab -l` त्याच मशीनचं सांगतं, ज्यावर तुम्ही बसलाय. एक जुनी मशीन कोपऱ्यात होती. खातं उघडून तिच्यावर बघितलं :

```
30 3 * * * /home/prasad/bin/birthday.sh
```

साडेतीन अधिक साडेपाच, सकाळचे नऊ. रोज नऊ वाजता ज्याचा वाढदिवस असेल त्याला माझ्या नावानं मेल. 'तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून टीम आहे.' नऊ वाजता मी वाकडच्या पुलावर क्लच दाबून शिव्या घालत असतो! आणि इकडे लोक म्हणतात, साहेब कडक आहेत, पण मनानं हळवे.

"प्रसाद, हे काय?"
"सर, एकदा तुम्ही म्हणाला होतात, टीमचं मनोबल बघ. विशेष काही नाही."

(लॅपटॉपकडे वळतो. टाइप करत वाचतो.)

'प्रिय प्रसाद, तुझा २ मार्चचा राजीनामा स्वीकारत आहे. कामाचा शेवटचा दिवस शुक्रवार, २९ मे. हिशोबाचं काम सायलीकडे, टीमच्या खात्यावर. १५ मेपासून ती एकटी चालवेल आणि तू फक्त विचारलं तर सांगशील. जुन्या मशीनवरची यादी तिला लिहून द्यावी. लॅपटॉप चार्जरसकट जमा करावा. रोज साडेसातला न चुकता गेलेल्या तक्त्यांबद्दल आभार. आणि माझ्या हळवेपणाबद्दलही.'

मॅडमनी शेवटचं वाक्य खोडलं. मी परत घातलं.

तर मंडळी, तुमच्यापैकी कुणी उद्या राजीनामा देणार असेल तर खुशाल द्या. पण त्याआधी प्रत्येक मशीनवर जाऊन ती एक ओळ टाइप करा, आणि जे दिसेल ते साहेबाला लिहून द्या. साहेब चांगला असेल, तर वाढदिवसाचं तेवढं चालू ठेवा.

(प्रकाश जातो.)