दीड लाखांचं ‘नाही’

उपनगरातला माणूस मित्राला पैसे नाकारत नाही. तो निळ्या टिका दिसू नयेत म्हणून सेटिंग बदलतो, ‘बघतो रे’ म्हणतो, आणि विरारचे मित्र ज्या डब्यात चढतात तो डबा आठवडाभर टाळतो. समोरचा मात्र त्या ‘बघतो’वर भरवसा ठेवून बसतो, दुसरीकडे विचारत नाही आणि शेवटच्या दिवशी उघडा पडतो. यापेक्षा त्याच संध्याकाळी आलेला नकार बरा.

एक प्रकरण घेऊ. समजा, मित्र घाटकोपरचा. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय, बिल्डरने तीन महिन्यांचं भाडं थकवलंय आणि नवा घरमालक डिपॉझिट मागतोय. मेसेज येतो: ‘दीड लाख हवेत. बिल्डरचं भाडं आलं की लगेच देतो.’ माणूस खोटं बोलत नाहीये. पण परतफेड कुणाच्या हातात आहे ते पाहा. जो बिल्डर त्याला पैसे देत नाही, त्याच्याच पैशांवर तुमचे पैसे अवलंबून! म्हणजे तुम्ही मित्राला नव्हे, त्या बिल्डरला उसने देताय, तेही त्याचं तोंड न बघता.

आता नकार लिहायला बसलं की पहिला मोह कारण सांगण्याचा. ‘पैसे एफडीत अडकलेत.’ उत्तर तयार असतं: ‘मोडू नकोस, एफडीवर कर्ज मिळतं, व्याज मी भरतो.’ ‘मुलीची फी आहे.’ ‘ती जूनमध्ये ना? मी मेमध्ये देतो.’ कारण दिलं की ते सोडवायला समोरचा बसतोच, आणि त्याच्याकडे वेळही असतो. ‘सध्या जमणार नाही’ लिहिलंत तर पुढच्या एक तारखेला पुन्हा मेसेज येणार, आणि चूक त्याची नसेल.

म्हणून मेसेज असा:

‘तुझा मेसेज वाचला. घर शोधायचं, त्यात बिल्डरचा हा त्रास, वैताग येणारच. पण पैसे मी देऊ शकणार नाही. मित्र-नातेवाइकांमध्ये उसनवारी करायची नाही असं मी ठरवलंय, ते सगळ्यांसाठीच आहे. माझ्या भरवशावर थांबू नकोस म्हणून लगेच कळवतोय. शनिवारी करार घेऊन ये. बिल्डरने बँक गॅरंटी दिलीय का ते बघू आणि कमिटीला द्यायचं पत्र एकत्र लिहू. तुझ्या ऑफिसच्या पतपेढीत किंवा सोनेतारणावर किती मिळेल तेही काढू.’

यात माफी एकदाही मागितलेली नाही. पैसे आपले, ते न देणं हा गुन्हा नव्हे. ‘पण’नंतरचं वाक्य लहान ठेवलंय, कारण लांबलं की त्यात फट पडते. मदत मात्र नेमकी सांगितलीय, वारासकट. ‘काही लागलं तर सांग’ लिहू नका; जे लागतंय ते त्याने आत्ताच सांगितलंय. आणि नियम ‘ठरवलाय’ म्हणालात तर तो खरंच पाळा. पुढच्या महिन्यात मेहुण्याला दिलेत तर ते घाटकोपरपर्यंत पोहोचेलच.

यानंतर दोन डाव येतात. एक, ‘बरं, माझ्या कर्जाला जामीन तरी राहा, नुसती सही.’ नुसती कसली! १८७२ च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी एरवी कर्जदाराइतकीच. बँक आधी त्याच्या मागे लागेल आणि मग तुमच्या, असं काही नाही. दुसरा, ‘मग कॅश दे, कुणाला कळणार नाही.’ वीस हजार किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीत घेतलं तर प्राप्तिकर कायद्याप्रमाणे रकमेइतका दंड होऊ शकतो, आणि तो घेणाऱ्याला. म्हणजे दीड लाख घेऊन मित्र तीन लाखांच्या खड्ड्यात. दोन्हींना उत्तर एकच, तेच जुनं वाक्य, शब्द न बदलता: पैसे मी देऊ शकणार नाही.

‘पन्नास तरी?’ हा तिसरा डाव धरत नाही, कारण तिथे आपणच पाघळतो. अगदीच राहवत नसेल तर परवडेल तेवढे, पाच हजार म्हणा, कायमचे द्या आणि तसं लिहा: ‘हे परत करायचे नाहीत.’ मनात धरून दिलेत तर तो हॉटेलात पनीर मागवेल आणि तुम्ही बिलाकडे बघत राहाल.

मग उत्तर येईल: ‘ठीक आहे’ आणि एक अंगठा. दोन आठवडे गुड मॉर्निंग बंद. तेवढा नफा निमूट घ्या. शनिवारी तो करार घेऊन आला, तर चहा तुमच्याकडून.