दुरुस्ती क्रमांक पाच

मी स्वतःस कलावंत समजत असे, आणि शेंद्र्यातील माझ्या खोलीत बसून अडीचशे रुपयांस एक या दराने मोबाइलवरच्या लग्नपत्रिका विकू लागेपर्यंत हा गैरसमज बिनतक्रार टिकला. पैठणीच्या पदरावरचा जो मोर मी सहा तास खपून पहिल्या पत्रिकेच्या माथ्यावर बसविला, त्याच्या साक्षीने पुढे अठरा लग्ने लागली. पदराचा रंग तेवढा पालटे, काम वीस मिनिटांत उरके, आणि प्रत्येक यजमान "अशी पत्रिका कुणाचीच नाही हो" म्हणाला की मी विनयाने मान लववीत असे.

जुन्या फाइलवर नवे लग्न लावण्यातला धोका मात्र नावांत नसतो, कारण नावे सारेच तपासतात. तो वारात असतो. ३० एप्रिलला २०२५ साली बुधवार होता, २०२६ साली गुरुवार. तारीख तीच म्हणून त्या ओळीस मी हातही लावला नाही, आणि वधूपित्याने निम्मे वऱ्हाड कोणत्या दिवशी जेवू घालावे, असा रास्त सवाल केला.

परंतु खरे शास्त्र 'आपले विनीत' या मजकुराखालच्या यादीत आहे, आणि त्याविषयी मी तासभर बोलू शकतो. मोबाइलच्या पडद्यावर बारा नावे सुखाने मावतात. यजमान तेवीस धाडतो. अक्षर मुंगीएवढे होते, व्हॉट्सॲपवर छायाचित्र म्हणून पाठविताच ते आणखी दाबले जाऊन रफार पुसट होतो, म्हणून फाइल 'डॉक्युमेंट' करूनच पाठवा, असे मी विनवितो. दोन भाऊजींत वर कोण, हा तंटा मिटविण्यासाठी मी दोन रकाने पाडून दोघांस एका ओळीत बसविले, तर उजवीकडचे म्हणाले, "वाचतात डावीकडून!" एवढे करून प्रत्येक वडीलधारा दोन बोटांनी पडदा ताणून केवळ स्वतःचे नाव वाचतो, वराचे नाव चुकले तर ते वराकडूनच कळते.

दोन दुरुस्त्या मोफत, पुढील प्रत्येकीस पन्नास रुपये, असा माझा तहनामा आहे. एका कंपनीत रात्रपाळी करणाऱ्या मुलाने तिसरी व चौथी आत्याच्या आडनावापायी करविली, आणि मी मनात चडफडत शंभर रुपये मांडले. पहाटे पाचवी आली : "आजोबांच्या नावाआधी कै. लावा."

एका अक्षराचे काम वाटते; ते तसे नाही. कैलासवासी मनुष्य निमंत्रण करीत नाही. विनीतांच्या पहिल्या ओळीतून त्यांचे नाव काढावे लागते आणि वर, वराच्या नावाजवळ, 'कै. अमुक यांचे नातू' असे न्यावे लागते. खाली जागा मोकळी पडली. वर मात्र ओळ मोराच्या चोचीस भिडू लागली.

"पाचवी झाली ना? किती पाठवू?" त्याने विचारले.

मी उत्तर लांबविले. अठरा लग्नांत जागचा न हललेला मोर मी बाजूस सारीत होतो.