आडवे मामा

आडवे मामा हे कुणा एकाचं नाव नव्हे. चार मराठी डोकी जमली, त्यांनी मंडळ काढलं आणि 'हे जरा तपासून देईल का कुणी?' असा प्रश्न निघाला, की हा गृहस्थ चष्मा पुसत पुढे येतो. पण अस्सल नमुना बघायचा असेल तर तंजावरला जावं. राजवाड्याच्या आसपास एखाद्या जुन्या घराच्या ओट्यावर रविवारी मराठीचा वर्ग भरलेला असतो, पितळेच्या डबऱ्यात कापी वाफाळत असते, आणि मामा लाल पेन घेऊन बसलेले असतात.

इथल्या मराठी घरांची तऱ्हा न्यारी. व्यंकोजीराजांच्या काळापासून, म्हणजे सतराव्या शतकापासून, घरात मराठी टिकली. पण शाळा तमिळ, बाजार तमिळ, आणि घरचं मराठी कागदावर उतरवायचं तर तेही बहुधा तमिळ अक्षरांत. बोलता येतं, वाचता येत नाही, असे विद्यार्थी. त्यात आठवीतली पोरं असतात, तशा साठीतल्या आज्याही असतात. त्यांना देवनागरी शिकवायला बाईंनी शब्दकोडं काढलं, आणि तपासायला मामांकडे दिलं. बाईंचं इथेच चुकलं.

मामांची उभी हयात सरकारी तिजोरीत रकाने तपासण्यात गेली. आडवी बेरीज आणि उभी बेरीज जुळल्याशिवाय त्यांनी कधी सही केली नाही. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी बहुधा मनाशी ठरवलं असावं की यापुढे उभं काही बघायचं नाही. ते कोडं हातात घेतात, बोट डावीकडून उजवीकडे नेतात, घरं मोजतात. चार घरं, चार अक्षरं. 'सरी!' म्हणतात आणि बरोबरची खूण करतात. पुढची ओळ. दहा मिनिटांत वर्ग तपासून मोकळा.

त्या दिवशी पहिल्या ओळीचं सूत्र होतं: 'मोठ्या देवळाचं गाव', चार घरं. बहुतेकांनी लिहिलं 'तंजावूर'. तं, जा, वू, र. घरं चार, अक्षरं चार. मामांची खूण पडली. तेवढ्यात दहावीतली एक पोरगी म्हणाली, "मामा, खाली बघा."

"खाली काय?"

"तिसऱ्या घरातून खाली शब्द जातो. सूत्र आहे, 'भातावर वाढतात, डाळीचं'. तुम्ही मान्य केलंत तर ते 'वूरण' होतं."

मामांनी खाली पाहिलं. 'वूरण' खरोखरच होतं. कुणीतरी हसलं. एक आजी म्हणाल्या, "वूरण मी कधी केलं नाही बाई." आता तंजावरात वरणाचा विषय निघाला की सांबार येणारच. ते इथल्याच राजवाड्याच्या मुदपाकखान्यात जन्मलं, ही कहाणी पुन्हा सगळ्यांनी एकमेकांना सांगितली. त्यात पाव तास गेला आणि मामांना वाटलं, वाचलो.

पोरगी मात्र हलली नाही. एका घरावर दोन शब्दांचा हक्क आहे आणि दोघांचं जमत नाही, तर खोटा कोण हे ठरवायचं कसं, हा तिचा प्रश्न. तिची पद्धत सरळ होती. दोन्ही शब्द आणखी कुठे कुठे छेदले जातात ते बघायचं. 'वरण'मधला 'ण' खालच्या ओळीतल्या 'बाण'मध्ये चपखल बसत होता, आणि बाणाबद्दल कुणाला शंका नव्हती. 'तंजावूर'मधल्या 'वू'च्या बाजूने मात्र दुसरा कुणीही बोलायला तयार नव्हता. तेव्हा 'वू' खोडून 'व'. मराठीत गाव तंजावरच; 'वूर' तमिळ नावातून आलेलं.

"परवायिल्लै," मामा म्हणाले. त्यांच्या तोंडी हा शब्द म्हणजे 'चालायचंच' आणि 'विषय संपला' दोन्ही.

विषय संपला नव्हता. पुढे होतं 'महालाच्या ग्रंथालयाची देवी'. एका पोराने लिहिलं 'सरस्वदी'. स, र, स्व, दी. आडवं चोख. चौथ्या घरातून खाली 'पवित्र पाणी', म्हणजे तीर्थ. पोराने खालचं घर इमानदारीने भरलं होतं आणि 'दीर्थ' तयार झालं होतं. ही चूक आळसाची नव्हती. तमिळमध्ये त, थ, द, ध या चौघांना मिळून एकच अक्षर आहे, आणि दोन स्वरांच्या मध्ये ते दसारखं वाजतं. तीच गत क, ख, ग, घ यांची. कडी, खडी, गडी, घडी हे चारही शब्द तमिळ लिपीत लिहा, एकसारखे दिसतील. हेच कोडं तमिळ अक्षरांत भरलं असतं तर त-दचं भांडण झालंच नसतं. अर्थात तेव्हा चौकटच वेगळी काढावी लागली असती. कारण तमिळ कोड्यात अर्ध्या अक्षराला स्वतंत्र घर देतात. आपल्याकडे 'स्व' एकाच घरात दाटीवाटीने राहतो.

मामांना हा मुद्दा फार आवडला. "बघ, म्हणजे चूक पोराची नाही. देवनागरीची."

मग त्यांनी ठेवणीतला पुरावा काढला. सरस्वती महालातले मराठी राजांच्या कारभाराचे मोडी कागद त्यांनी पाहिलेत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा करत नाहीत. एकाच वेलांटीवर, एकाच उकारावर कारभार चाले. "राज्य चाललं ना? मग कोड्याला काय होतंय?"

याला उत्तर देणं सोपं नाही. पण त्याच सुमारास एका आजींचा कागद निघाला आणि मामांची बाजू आणखीच बळकट झाली, म्हणजे त्यांना तसं वाटलं. आजींनी आडवं लिहिलं होतं 'सरस्वति', कारण तमिळमध्ये ते नाव ऱ्हस्वच लिहितात. उभं लिहिलं होतं 'तिर्थ'. छेदाच्या घरात 'ति', दोन्हीकडून 'ति'. भांडण नाही, तंटा नाही. मामा विजयी मुद्रेने म्हणाले, "आता? आडवंही बघितलं, उभंही बघितलं!"

पोरगी क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "दोन्ही साक्षीदार फितूर आहेत, मामा."

तिचं खरं होतं. छेदाचं घर एवढंच सांगतं की दोन शब्दांत एकवाक्यता आहे. ते दोघे मिळून चुकले तर घर हूं की चूं करत नाही. तिथे शब्दकोश उघडावा लागतो. आणि ज्या घरातून एकच शब्द जातो, त्या घराला तर विचारणाराच कुणी नसतो. तिथली वेलांटी केवळ तपासणाऱ्याच्या डोळ्यावर अवलंबून. त्या दिवशी बाईंनी मुद्दाम अशी सुटी घरं शोधून बघितली, तर मामांच्या बरोबरच्या खुणांखाली 'पुर्व' आणि 'दक्षीण' सुखाने नांदत होते.

मामा रागावले नाहीत. ही माणसं रागावत नाहीत, उपाय काढतात. पुढच्या रविवारचं कोडं मीच करून आणतो, असं ते म्हणाले आणि खरंच घेऊन आले. सुबक चौकट, पट्टीने मारलेल्या रेघा, नीट काळी केलेली घरं. सगळे शब्द आडवे. दोन ओळींच्या मध्ये एक अख्खी ओळ काळी, म्हणजे कुणाचा कुणाला धक्का लागायला नको. वर्गाने ते पाच मिनिटांत सोडवलं, मामांनी तीन मिनिटांत तपासलं आणि सगळ्यांना पैकीच्या पैकी मिळाले.

त्याला शब्दकोडं म्हणता येणार नाही. ती यादी आहे. तुमच्या मंडळातही कुणी अशी यादी कोडं म्हणून वाटत असेल, तर तपासणीचं काम कृपा करून त्या दहावीतल्या पोरीकडे द्या, आणि मामांना कापीची व्यवस्था बघू द्या. ती ते उत्तम बघतात.