टेस्टर हाय, भावा!

जून 2025 मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडाच्या मॉडेलांच्या पायात आपली कोल्हापुरी दिसली आणि अख्खं गाव पेटून उठलं. नाव आपलं नाही, श्रेय आपलं नाही, 2019 मध्ये मिळालेल्या जीआय मानांकनाची दखलसुद्धा नाही! रागवायलाच हवं होतं. फक्त त्याच गावात दिवाळीच्या तोंडावर एखाद्या स्टॉलवर ‘प्राडा, ओरिजिनल टेस्टर, पंधराशे’ अशी पाटी लागते आणि आपण रांगेत उभे राहून मनगट पुढे करतो. इटलीनं आपली नक्कल केली की ती चोरी, इटलीची नक्कल आपण घेतली की तो सौदा.

“ओरिजिनल हाय का?” असं विचारलं की उत्तर ठरलेलं. “टेस्टर हाय, भावा. माल त्योच. फकस्त बॉक्स न्हाई.”

या उत्तराला दाद द्यायला हवी. टेस्टर नावाची वस्तू खरोखर असते. कंपनी ती दुकानाला देते, गिऱ्हाइकानं काउंटरवर फवारून बघावी म्हणून. आत द्रव तोच असतो, विकायच्या बाटलीत असतो तोच. टेस्टरमध्ये अर्क जास्त घालतात, त्याचा वास जास्त टिकतो, ही निव्वळ गप आहे. दुकानात जे हुंगवायचं आणि घरी जे द्यायचं ते वेगळं ठेवून कंपनीचा काय फायदा? फरक फक्त कपड्यांचा. साधा पांढरा किंवा तपकिरी खोका, कधी टोपण नाही, वरचं प्लॅस्टिक नाही आणि अंगावर ‘विक्रीसाठी नाही’ असा शिक्का.

म्हणजे आपण माल खरा की खोटा हे ज्यावरून ओळखतो, ते सगळं टेस्टरमध्ये कायदेशीरपणे गायब असतं. छापील खोका बघावा तर तो नाही. आयातदाराचं नाव बघावं तर चिकटवायला जागाच नाही. एमआरपी नाही, कारण ती विकायचीच नाही. नकली माल बनवणाऱ्याला सगळ्यात अवघड काम असतं ते खोक्याचं: पुठ्ठ्याची जाडी, उठावाची छपाई, सोनेरी अक्षरं. टेस्टर म्हटलं की हा खर्चही वाचला आणि संशयही मिटला. पुरावा का नाही, याचंच प्रमाणपत्र हातात!

बरं, खरा टेस्टर तरी विकायचा हक्क कुणाला? युरोपात यावर कोर्टबाजी झाली आहे. कोटी नावाच्या परफ्यूम कंपनीनं (नावातच कोटी, मग भांडण पंधराशेचं कसं असेल) सिंगापूरच्या विक्रेत्याला दिलेले टेस्टर जर्मनीतल्या दुकानात विकायला आले. 2010 मध्ये युरोपीय न्यायालयानं सांगितलं की बाटलीची मालकी स्वतःकडे ठेवून, विक्रीला मनाई करून कंपनीनं टेस्टर दिले असतील, तर ते विकायला तिची संमती होती असं धरता येणार नाही. एकेका दुकानाला असे टेस्टर मिळतात मूठभर. आता महाद्वार रोडपासून राजारामपुरीपर्यंत आणि तिथून मोबाइलच्या पडद्यापर्यंत बाराही महिने दिसणारे टेस्टर कुठल्या काउंटरवरून उतरले असतील, याचा हिशेब ज्याचा त्यानं करावा.

हिशेबच करायचा तर पैशाचा करू, तो नाकापेक्षा जास्त भरवशाचा. समजा, परदेशातल्या घाऊक व्यापाऱ्याकडे एका नामवंत परफ्यूमची 100 मिलीची बाटली 5,000 रुपयांना पडते. भारतात आणताना तिच्यावर 20 टक्के कस्टम ड्युटी, म्हणजे 1,000 रुपये. ही ड्युटी 2018 च्या अर्थसंकल्पात 10 वरून 20 टक्के झाली. त्या ड्युटीवर 10 टक्के अधिभार, म्हणजे 100. झाले 6,100. त्यावर 18 टक्के जीएसटी, 1,098. बाटली बंदरातून बाहेर पडतानाच 7,198 रुपयांची होते. अजून वाहतूक, दुकानाचं भाडं आणि मालकाचा नफा धरलेलाच नाही. आता समजा, कुणी ड्युटी चुकवून बॅगेतून आणली. तरी खरेदीचे 5,000 कुठे जातात? परदेशातल्या सवलतीच्या दुकानांत टेस्टर खोक्याच्या मालापेक्षा थोडा स्वस्त असतो, निम्म्या किमतीलासुद्धा नसतो. पंधराशेत बसणारी एकच बाटली उरते, जी परदेशात कधी गेलेलीच नाही.

इथे ग्रे मार्केटवाला दुखावतो. त्याचा माल खरा असतो आणि त्याला नकलीच्या पंगतीला बसवणं अन्याय आहे. दुबई-सिंगापूरच्या अधिकृत वितरकाकडे माल पडून राहतो, तो मधल्या व्यापाऱ्याला स्वस्तात विकतो आणि कंपनीनं नेमलेल्या आयातदाराला वळसा घालून तो इथे येतो. याला आपल्याकडे सरसकट गुन्हा मानत नाहीत. सॅमसंगच्या प्रिंटरवरून झालेल्या कपिल वाधवा खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं 2012 मध्ये अशी समांतर आयात चालेल असं म्हटलं. अट एवढीच की माल बाहेरून आणलेला आहे आणि त्याची हमी कंपनीची नाही, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट दिसलं पाहिजे. शिवाय आयातीचे बाकीचे नियम कुणाला सुटत नाहीत. बाटलीवर किंवा खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क हवाच. परफ्यूम सौंदर्यप्रसाधनात मोडतं, त्यामुळे आयातीच्या नोंदणीचा क्रमांकही हवा. प्रामाणिक ग्रेवाला हे चिकटवतो आणि बिल देतो. म्हणून त्याचा माल अधिकृत दुकानापेक्षा थोडा स्वस्त असतो. चार आण्यांना रुपया तो देत नाही.

मग लोक बॅच कोड काढतात. खोक्याच्या बुडाशी आणि बाटलीच्या बुडाशी एक छोटा कोड असतो, तो वेबसाइटवर टाकला की उत्पादनाची तारीख येते, आणि आपला पठ्ठ्या विजयी मुद्रेनं म्हणतो, “बघ, मार्च महिन्याचा माल!” अरे, कोड छापायला काय लागतं? खऱ्या बाटलीवरचा कोड बघायचा आणि हजार बाटल्यांवर तोच मारायचा. वेबसाइटला कोड दिसतो, बाटली दिसत नाही. दोन्हीकडचे कोड जुळले नाहीत तर बाटली निःशंक परत करा. जुळले तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. ग्रे मालाचा कोड कधीकधी मुद्दाम खरवडलेलाही असतो, म्हणजे कुठल्या वितरकाकडून माल फुटला ते कंपनीला कळू नये. तो खरवडलेला दिसला तर माल खरा असला तरी जबाबदारी कुणाचीच नाही, एवढं समजावं.

राहतं नाक. पहिल्या पंधरा मिनिटांवर जाऊ नका. वरचा लिंबा-संत्र्याचा झणका नकलीवाल्यालाही जमतो, तो स्वस्त असतो. पैसा खाली असतो. फवारल्यावर चार तासांनी मनगटावर काय उरतं ते बघा. खऱ्यात वास हळूहळू बदलत जातो, नकलीत तो एकतर उडून जातो किंवा जसाच्या तसा चिकटून बसतो. वास टिकला म्हणजे खरं, असंही नाही. काही नकली दोन दिवस शर्ट सोडत नाहीत. स्टॉलवाला चार तास थांबू देत नाही, हे त्याच्या दृष्टीनं रास्तच. पंपही बघा. खऱ्याचा फवारा धुक्यासारखा बारीक येतो, खोट्याचा पिचकारी मारतो.

आता आपले दुबईचे पाव्हणे. उजळाईवाडीच्या विमानतळावरून परदेशी विमान उडत नाही, तेव्हा कोल्हापुरात ड्युटी-फ्री म्हणजे कुणाचा तरी मेहुणा. विमानतळावरच्या ड्युटी-फ्री दुकानातला माल खरा असतो, त्याबद्दल मनात किंतु नको. स्वस्त असतो का, हा वेगळा प्रश्न. दुबईत व्हॅट 5 टक्के, कस्टम ड्युटी साधारण तेवढीच. मुळात करच एवढासा, तर तो माफ करून किती उजेड पडणार? शहरातल्या दुकानात सेल लागला की विमानतळ महाग ठरतो. वाचतो तो आपल्या देशातला जवळपास 44 टक्क्यांचा बोजा, आणि तो शहरातून घेऊन बॅगेत आणला तरी वाचतोच. बॅगेची सवलत मात्र स्वतःच्या वापरासाठी असते, धंद्यासाठी नाही. म्हणून “मेव्हण्यानं ड्युटी-फ्रीतून धा आणल्यात, एक तुला देतो” असं कुणी म्हणालं, की दुकानाचं बिल मागा. मेहुणा खरा असेल तर बिल निघेल. एरवी सीलबंद पारदर्शक पिशवी दाखवतील. पिशवी कुठेही मिळते.

दोन-तीन हजारच खर्चायचे असतील, तर अरबी कंपन्यांची परफ्यूम्स घ्या. अरमाफचं क्लब द न्यूई इंटेन्स क्रीडच्या अव्हेंतुसची आठवण करून देतं, पण अंगावर नाव स्वतःचं लावतं. त्यात फसवणूक नाही. अर्थात आता त्यांचीही नकली निघालीत, तेव्हा बिल तिथेही मागा. आणि मोठ्या नावाचाच हट्ट असेल, तर त्याच कंपनीची 30 मिलीची छोटी बाटली अधिकृत दुकानातून घ्या. शंभर मिली संपवायला लग्नसराईचे दोन हंगाम लागतात.

टेस्टरचा निकाल मी देऊन टाकतो: आपल्या बाजारात टेस्टर म्हणून जे मिळतं ते घेऊ नये, खरं असलं तरी. खरं आहे हे तुम्हाला कधीच सिद्ध करता येणार नाही आणि बिघडलं तर भांडायला बिलही नसेल.

एक काम मात्र आजच करा. घरात महागड्या परफ्यूमची रिकामी बाटली असेल तर ती अख्खी भंगारवाल्याला देऊ नका, ऑनलाइन तर अजिबात विकू नका. लेबल खरवडा, पंप वाकवा, खोका फाडा. रिकाम्या खऱ्या बाटलीला गिऱ्हाईक असतं, ते उगाच नसतं.