सर, छोटीशी शंका होती

ऐच्छिक विषयांची नोंदणी सोमवारी सुरू होणार असली की शनिवारी रात्री पावणेएकला एका विद्यार्थ्याचा मेल येऊन पडलेला असतो. सुरुवात ‘आदरणीय सर/मॅडम’ अशी, कारण हाच मजकूर चार प्राध्यापकांना गेलेला असतो. मी शिकवतो रिमोट सेन्सिंग. मेलात मात्र ‘आपल्या अर्थशास्त्र या विषयात मला लहानपणापासून गोडी आहे’ असं वाक्य राहून गेलेलं असतं.

मग येतात छोट्याशा शंका. अभ्यासक्रम मिळेल का? हजेरी सक्तीची आहे का? सबमिशन किती? अंतर्गत गुण किती, लेखी किती? ग्रेडिंग रिलेटिव्ह की ॲब्सोल्यूट? स्थळ बघायला आलेल्या मंडळींनी पगार, फ्लॅट, गाडी सगळं विचारावं आणि मुलाचं नाव विचारायचं राहून जावं, तसं या यादीत ‘विषयात शिकवतात काय’ एवढंच नसतं.

माझे सहकारी अशा मेलला ‘वेबसाइट पाहा’ एवढंच उत्तर देतात. वेबसाइटवर काय असतं? ३-०-२, क्रेडिट ४. म्हणजे आठवड्याला तीन तास व्याख्यान, ट्युटोरियल नाही, दोन तास प्रॅक्टिकल. व्याख्यानाच्या एका तासाला एक क्रेडिट, प्रॅक्टिकलच्या दोन तासांना मिळून एक. हिशेब चोख! पण घरी बसून जर्नल लिहायला जे तीन तास लागतात, ते या आकड्यांत कुठेच नाहीत. तेव्हा कामाचा बोजा विचारणारा हा प्राणी आगाऊ असला तरी मूर्ख नाही, हे मला मान्य करावं लागतं. मी त्याला खरं ते कळवतो: दर आठवड्याला एक जर्नल, दोन चाचण्या, एक प्रकल्प, ग्रेडिंग रिलेटिव्ह.

‘धन्यवाद सर, नक्की विचार करतो,’ असं उत्तर तिसऱ्या मिनिटाला येतं. विचार आधीच झालेला असतो. एक्सेलमध्ये चारही विषय मांडून त्याने सगळ्यांत हलका निवडलेला असतो: जर्नल नाही, प्रकल्प नाही, प्रश्नपत्रिका सोपी.

गंमत पुढे आहे. तेच एक्सेल वर्गातल्या सगळ्या हुशार मुलांनी केलेलं असतं. ऐंशीजणांचा वर्ग तुडुंब भरतो. पेपर सोपा, म्हणून सगळ्यांना धो धो गुण. रिलेटिव्ह ग्रेडिंगमध्ये सर्वोच्च श्रेणी वरच्या मोजक्याच मुलांना; हा ८६ गुण मिळवून मधल्या श्रेणीत लटकतो. माझ्या वर्गात मुलं बावीस, आणि पहिला आलेला ७१ वर.

पुढच्या सत्रात शनिवारी रात्री पुन्हा मेल येतो. शंका त्याच, शेवटी एक नवी:

‘सर, या विषयाला अजून कोण कोण नाव घालतंय, ते कळेल का?’