पंधराशेत पैठणी घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका

पंधराशे रुपयांत पैठणी घेणे ही साधना असून तिचा मुहूर्त रात्री साडेअकरानंतरचा असतो. दिवसा कोथिंबिरीच्या जुडीसाठी भाजीवाल्याशी दहा मिनिटं हुज्जत घालणाऱ्या काकू या वेळी कमालीच्या उदार असतात. इन्स्टाग्रामवर रील येतं: मोरपंखी रंग, काठावर मुनिया, पदरावर मोर, आणि खाली ‘फक्त 1,499, शेवटचे 3 नग’. ठाण्यातल्या अशाच एका काकूंनी ही साधना शेवटपर्यंत नेली. पुढील नियम त्यांच्याच तपश्चर्येतून काढले आहेत.

नियम पहिला. किमतीचा हिशेब करू नये. हातमागावर पदराचा मोर विणताना विणकर प्रत्येक रंगाच्या रेशमाची वेगळी छोटी कांडी हाताने फिरवतो, म्हणून भरजरी पदराला महिने लागतात. 1,499 रुपयांत त्याची मजुरी तर सोडाच, साडीभर रेशीमही येत नाही. पण हे आठवलं तर साधना इथेच मोडते.

नियम दुसरा. दुकानाची कुंडली पाहू नये. इन्स्टाग्रामवर प्रोफाइलच्या वरच्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवलं की बहुधा About this account दिसतं. खातं कधी उघडलं, कुठल्या देशातून चालतं, पूर्वी त्याचं नाव काय होतं, हे तिथे कळू शकतं. काकूंच्या भाच्याने हे नंतर उघडलं, तेव्हा पैठणीचं हे पिढीजात घराणं काही महिन्यांपूर्वी भलत्याच नावाने मसाजची यंत्रं विकत असल्याचं निघालं. फॉलोअर भरपूर होते, पण ते सगळे मसाजचे! पोस्टखालच्या कमेंटही बंद होत्या. काकूंना वाटलं, दुकानदार शालीन आहे.

नियम तिसरा. फोटोला प्रश्न विचारू नयेत. रीलचा स्क्रीनशॉट गुगल लेन्समध्ये टाकला की तीच साडी आणखी कुठे झळकली आहे ते बरेचदा कळतं. भाच्याला ती येवल्याच्या एका दुकानाच्या पानावर सापडली, पत्त्यासकट. तिथे तिची किंमत काकूंच्या साडीच्या दहापट होती. चोरांनी व्हिडिओच्या कोपऱ्यातलं दुकानाचं नाव तेवढं कापलं होतं.

जीएसटी क्रमांकाबद्दल मात्र थोडं सरळ बोलायला हवं. तो नसला म्हणजे दुकान खोटंच असं नाही. छोट्या उलाढालीच्या विणकराला तो घ्यावाच लागतो असं नाही. पण पानावर छापलाच असेल, तर तो पंधरा अक्षरांचा हवा. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे 27. services.gst.gov.in वर तो टाकला की नोंदणीतलं नाव दिसतं. तिथे साडीवाल्याऐवजी एखादा सिमेंटवाला निघाला, तर पुढचं सांगायला नको.

नियम चौथा, आणि हा साधनेचा कळस. ‘कॅश ऑन डिलिव्हरी आहे, मग काय भीती?’ असं घरात मोठ्याने म्हणावं. कुरिअरचा मुलगा आधी पैसे घेतो, मगच पार्सल हाती देतो. दारात उघडू द्यायची त्याला बहुतेक वेळा मुभा नसते. त्याच्यावर ओरडून उपयोग नाही, आत काय आहे हे त्या बिचाऱ्यालाही ठाऊक नसतं. काकूंच्या पार्सलमधून पॉलिएस्टरची साडी निघाली, मोर छापील. काकांनी कडेचा एक धागा काडीपेटीने जाळला. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरते. याचा मात्र वितळून कडक मणी झाला.

खरी गंमत यापुढे आहे. कॅश ऑन डिलिव्हरीचे पैसे सहसा लगेच विक्रेत्याला मिळत नाहीत, ते काही दिवस कुरिअर कंपनीकडे असतात. म्हणून पार्सल फोडतानाचा सलग व्हिडिओ आणि लेबलवरचा क्रमांक घेऊन त्याच दिवशी कुरिअर कंपनीकडे आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, तर थोडी आशा असते. काकूंनी ‘जाऊ दे’ म्हणत आठवडा घालवला.

नियम पाचवा. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधावा. काकूंनी शोधला. पलीकडचा गृहस्थ अत्यंत अदबीने म्हणाला, ‘मॅडम, रिफंडसाठी हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका.’ पैसे येताना पिन लागत नाही, जातानाच लागतो, हे भाच्याने ओरडून सांगितलं म्हणून 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करायची वेळ टळली.

परवा काकूंनी येवल्याच्या एका विणकराला व्हिडिओ कॉल लावला. ‘पदर उलटा करून दाखवा हो,’ म्हणाल्या. त्याने दाखवला. मोर मागूनही पुढच्यासारखाच होता. लोंबते धागे नाहीत, कापलेली टोकं नाहीत. रेशमाच्या खात्रीचं सिल्क मार्कचं लेबलही त्याने न विचारता कॅमेऱ्यासमोर धरलं. मग किंमत सांगितली, सोळा हजार.

काकू म्हणाल्या, ‘बघते, कळवते,’ आणि फोन ठेवून भाजी आणायला निघाल्या.