यात्रा कंपनीचे बारसे

केळापुरात यात्रा कंपनी काढायची तर बाकीची तयारी देवाने आधीच करून ठेवली आहे. जगदंबेचे देऊळ आहे, नागपूर-हैदराबाद महामार्ग अंगणातून गेल्यासारखा जातो, पांढरकवड्यात गाडी भाड्याने मिळते आणि माहूर म्हणा, शेगाव म्हणा, बासर म्हणा, चपला घालून तयार असलेली साठीपुढची मंडळी घरोघरी बसलेली आहेत. इच्छुक संचालकाचे घोडे अडते ते एकाच ठिकाणी. गाडीच्या कपाळावर रंगवायचे काय? हे मार्गदर्शन त्याच्यासाठी.

पहिला मोह देवाच्या नावाचा. ‘जय जगदंबा टूर्स’ सुचायला दोन सेकंद लागतात आणि अडचणही तीच आहे, कारण शेजारच्यालाही दोनच सेकंद लागतात. दारूच्या दुकानांना आणि बारना थोर व्यक्तींची, गडकिल्ल्यांची नावे देण्यावर महाराष्ट्राने 2022 मध्ये बंदी घातली. यात्रा कंपन्यांना असे काही बंधन नाही आणि त्याचा त्यांनी पुरेपूर लाभ घेतला आहे. नवरात्रात एखाद्या शक्तिपीठाच्या वाहनतळावर उभे राहून पाहावे. जगदंबा, जय जगदंबा, माँ जगदंबा आणि श्री जगदंबा अशा चार गाड्या शेजारी शेजारी उभ्या असतात आणि दर्शन करून आलेल्या आजी तिसरीत चढून निवांत झोपलेल्या असतात. ती गाडी निघते वर्ध्याला.

शिवाय असे नाव आपले एकट्याचे करणेही सोपे नसते. उदबत्तीसाठी ‘रामायण’ हे नाव ट्रेडमार्क म्हणून कोणी एकाने अडवून ठेवावे का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2015 मध्ये उत्तर आले की नाही, धर्मग्रंथाच्या नावावर असा एकट्याचा हक्क सांगता येणार नाही. उदबत्तीला जे मिळाले नाही ते गाडीला मिळेल अशी आशा कशाला ठेवावी?

दुसरा मोह पुण्याचा. इथे मात्र संचालकाने जागच्या जागी थांबावे, कारण मराठीत तीर्थयात्रेचा आणि अंत्ययात्रेचा शब्दसंग्रह जवळपास एकच आहे. ‘मोक्षधाम’ हे नाव विदर्भातल्या गावोगावच्या स्मशानांनी कधीच घेतले. ‘वैकुंठरथ’ आणि ‘स्वर्गरथ’ या गाड्या आहेत खऱ्या, पण त्यांत प्रवासी एकच असतो आणि त्याला परतीचे तिकीट नसते. ‘महायात्रा’, ‘चिरशांती’, ‘अनंत प्रवास’ ही नावे तर निधनवार्तेच्या चौकटीतूनच उचलल्यासारखी वाटतात. ‘विसावा’ वरवर निर्धोक. वारीत पालखी वाटेत थोडी टेकते त्याला विसावा म्हणतात, आणि स्मशानाच्या वाटेवर तिरडी खाली ठेवतात त्या जागेलाही विसावाच म्हणतात. सत्तरीचे प्रवासी या दोन्ही वाटांनी पुष्कळ चाललेले असतात. त्यांना कोणता विसावा आधी आठवेल, हे संचालकाच्या हाती नाही.

मग उरते सरळ वर्णन: ‘आरामदायी यात्रा’, ‘ज्येष्ठ सेवा’, ‘सुखद प्रवास’. आता गंमत बघा. ट्रेडमार्कचा 1999 चा कायदा सांगतो की मालाचे किंवा सेवेचे नुसते वर्णन करणारा शब्द एकट्याच्या नावावर सहसा नोंदवता येत नाही. प्रवासाची सेवा 39 व्या वर्गात येते. एकट्या माणसाने ऑनलाइन अर्ज केला तर साडेचार हजार रुपये भरावे लागतात आणि ‘आरामदायी यात्रा’वर ते भरले तर हाती आक्षेपाचे पत्र येण्याचीच शक्यता जास्त. म्हणजे आराम जितका स्पष्ट सांगावा तितके नाव कच्चे. तो नावात सुचवायचा असतो. उच्चारला की कोणीही उचलून नेतो.

मराठी माणसांनी यावर जुना तोडगा काढून ठेवला आहे: मालकाचे नाव. नाशिकची चौधरी यात्रा कंपनी घ्या. नावात ना आराम, ना देव, ना ज्येष्ठ. पण चहा थंड आला तर कोणाला जाब विचारायचा, हे कळते. 1984 मध्ये केसरी पाटलांनी काढलेली ‘केसरी’ही त्याच वाटेने गेली आणि 2013 मध्ये वीणा पाटलांनी वेगळी चूल मांडली तेव्हा ‘वीणा वर्ल्ड’मध्ये त्यांनीही स्वतःचेच नाव घातले. साहेबाची रीतही हीच. 1841 मध्ये लेस्टरहून लफबरोला दारूबंदीच्या सभेसाठी माणसे रेल्वेने नेणाऱ्या थॉमस कुकचे नाव त्याच्या मागे एवढे टिकले की 2019 मध्ये विलायतेतली कंपनी बुडाली, तरी वेगळ्या मालकीची भारतातली त्याच नावाने चालू राहिली.

पण केळापूरच्या संचालकाला तालुक्याबाहेर अजून कोणी ओळखत नाही, आणि पैसे बहुतेकदा पुण्यातला मुलगा भरतो. त्याला नियोजन दिसले पाहिजे, आईला धीर दिसला पाहिजे. अशा वेळी नावाची परीक्षा वेळापत्रकावर घ्यावी. समजा ‘निवांत’ ठरले. माहूरला रेणुका, दत्तशिखर आणि अनसूया ही तीन ठाणी तीन वेगळ्या टेकड्यांवर आहेत. केळापूरहून पहाटे चारला निघून तिन्ही करून रात्री परत आणतो म्हणणाऱ्याने गाडीवर ‘निवांत’ लिहिले, तर रेणुकेच्या पायऱ्यांवरच त्याचे दुसरे बारसे होते. कोणीतरी काका गुडघा धरून म्हणतात, “हे कायचं निवांत हो बाप्पा?” नाव ठेवायचे असेल तर एक टेकडी सोडावी किंवा माहुरात रात्र काढावी. कळंबचा चिंतामणी परतीला सहज जोडता येतो असे वाटते, पण तिथे पायऱ्या उतरून जायचे असते आणि गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणे जास्त जड जाते. ‘निवांत’ या तीन अक्षरांची किंमत एक मुक्काम आणि एक वगळलेले देऊळ एवढी पडते.

या मार्गदर्शकाचे मत विचाराल तर नाव वारीच्या व्यवस्थेतून घ्यावे: ‘चोपदार’. ज्ञानेश्वर माउलींच्या सोहळ्यात रात्रीच्या मुक्कामी समाजआरती होते. चोपदार दंड उंचावतो आणि एवढे टाळ-मृदंग गप्प होतात. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते आणि तिचे म्हणणे ऐकल्याखेरीज प्रकरण मिटत नाही. हजारो माणसांचे नियोजन आणि तक्रार ऐकून घेण्याचा धीर, दोन्ही एका शब्दात आले. आरामाचे नाव नाही, म्हणून वर्णनाचा आक्षेपही लागायला नको. तरी अर्ज करण्याआधी ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर 39 व्या वर्गात शोध घ्यावा.

पुढे पेंटरकडे जावे. ‘चोपदार’मध्ये जोडाक्षर नाही, त्यामुळे मोतीबिंदूच्या डोळ्यांनाही ते लांबून लागते. मोबाईलवर एसटी स्टँडच्या गोंगाटात एकदा म्हणून पाहावे, पलीकडच्याने ‘काय? कोण?’ विचारले नाही तर पास. कार्यालयाच्या पाटीवर देवनागरी अक्षरे इतर भाषेपेक्षा लहान नसावीत, हा कायदा आहे. फोन नंबर मात्र पेंटर हमखास कोपऱ्यात बारीक काढतो, तो नावाएवढा काढून घ्यावा.

एक धोका राहतो. हे नाव घेतले की रोज रात्री जेवणानंतर संचालकाला सगळ्यांसमोर उभे राहावे लागणार. पहिल्याच मुक्कामी कोणीतरी ताटावर चमचा वाजवायला लागेल, आणि तक्रार बहुधा खिडकीच्या जागेची असेल.